घटक चाचणी : दोन चलांतील रेषीय समीकरणे
इयत्ता 10 वी, बीजगणित. गुण 10, वेळ 30 मिनिटे

प्र. 1) x + y = 7 आणि x = 3, तर y = ? (1)

प्र. 2) 5x + 3y = 1, 7x + 9y = 2 यांसाठी D काढा. (2)

प्र. 3) सोडवा: 3x − y = 7, x + 4y = 11 (3)

प्र. 4) पंचवटीत 2 किलो द्राक्षे व 3 किलो कांदे 240 रुपयांना, 3 किलो द्राक्षे व 2 किलो कांदे 310 रुपयांना मिळाले. प्रत्येकाचा दर काढा. (4)

तपासनिसांसाठी

उत्तरे: 4, 24, (3, 2), द्राक्षे 90, कांदे 20 रुपये किलो.
प्र. 2: मांडणी 1, किंमत 1.
प्र. 3: एका चलाचा लोप 1, प्रत्येक किंमत 1.
प्र. 4: समीकरणे 2, उकल 1, एककासह उत्तर 1. दोन्ही समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून x + y = 110, x − y = 70 काढले तरी पूर्ण गुण. आकडेमोडीची चूक एकदाच कापावी. पुढची पद्धत बरोबर असेल तर मुलाला पुन्हा दंड नको.