स्वतःची वेणी

बॅग भरून झाली होती, चेन कशीबशी लागली होती, आई बाहेरून चार्जर घेतलास का म्हणून परत परत विचारत होती आणि ताई कंगवा घेऊन माझ्या मागे मागे फिरत होती. शेवटी बसले. ती पलंगावर, मी खाली तिच्याकडे पाठ करून, लहानपणापासून बसते तशीच.

"केवढा गुंता केलायस! हॉस्टेलवर कोण सोडवणारे?"

"कोणी नाही. मी कापूनच टाकणारे, खांद्यापर्यंत. सुटसुटीत."

कंगवा थांबला. मग परत सुरू झाला, पण आधी ती खालून थोडं थोडं सोडवत वर यायची ना, आता सरळ वरून ओढायला लागली. भांग पाडला, तीन पेड केले आणि अशी काही आवळून वेणी घातली की माझ्या भुवया वर गेल्या.

"ताई, दुखतंय."

"दुखू दे."

मी पण काही बोलले नाही. रडू येत होतं आणि ते केस ओढले म्हणूनच येतंय असं तिला वाटावं एवढीच इच्छा होती. तिने रबर लावला, हात बाजूला घेतले, आणि मग स्वतःच रबर काढून सगळी वेणी सोडली. बोटांनी डोकं चोळत बसली, जिथे ओढलं होतं तिथेच.

"कापायचे तर काप," ती म्हणाली. "आवडत असतील छोटे तर खरंच काप, मी येईन सोबत. पण वेणी घालता येत नाही म्हणून नको कापूस."

"मग मला येतच नाही तर काय करू?"

"शिकवली नाही ना मी. दरवेळी म्हणायचे पुढच्या सुट्टीत शिकवते." थोडा वेळ ती गप्प होती. "रोज सकाळी तू कंगवा घेऊन यायचीस ना गं, झोपेत असल्यासारखी, डोळे मिटून बसायचीस. शिकली असतीस तर आली नसतीस."

काय बोलणार यावर. मी उठले आणि म्हटलं सरक, आज तू खाली बस.

तिचे केस मी असे कधी हातात घेतलेच नव्हते. इतके मऊ आणि निसरडे की पेड धरला की सुटायचा, एक जाड एक बारीक व्हायचा, आणि ती खालून सांगत होती, घट्ट नको, सारखं धर, बाजूचा पेड मधल्यावरून घे, आता दुसऱ्या बाजूचा, बास एवढंच आहे, पुढे तेच. अर्ध्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की ताईला वेणी घातलेली मी बघितलेलीच नाही. ती कायम क्लिप लावून पळायची. सकाळचा सगळा वेळ माझ्या केसांतच जायचा तिचा, आणि इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

"तुझी कोण घालायचं गं?"

"आई, अगदी लहान होते तेव्हा. मग तू झालीस."

असं सहज म्हणाली, जसं काही वेळ विचारलीय. मी रबर लावला आणि तिने मागे हात नेऊन वरपासून खालपर्यंत वेणी चाचपून बघितली. वेडीवाकडीच झाली होती पण तिने सोडली नाही, पुढे घेऊन मांडीवर धरून ठेवली.

मग माझी स्वतःची. हे भलतंच अवघड निघालं, कारण दुसऱ्याची घालताना दिसतं आणि आपली घालताना फक्त बोटांना कळतं. मी आरशासमोर गेले तर तिने मला फिरवूनच उभं केलं. "त्यात बघून करशील तर डावं उजवं होईल तुझं. मानेपर्यंत मागे घाल, मग पुढे खांद्यावर घेऊन उरलेली पूर्ण कर." हात भरून आले, मधला पेड कुठला तेच कळेना, एकदा तर चार पेड झाले कसे कोण जाणे. ती शेजारी बसून बघत होती. तिचे हात दोनतीनदा पुढे आले आणि दरवेळी तिने ते परत मांडीवर घेतले.

"कशी झालीये?"

"मानेपाशी सैल आहे. कानामागची बट राहिलीये."

"मग घे ना तू जरा आत."

"नाही घेणार."

आई दारातून डोकावली, अगं झोपा आता, सकाळी लवकर निघायचंय. ताईने हो म्हटलं, आणि आई गेल्या गेल्या कंगवा माझ्या हातात दिला.

"सोड ती. परत घाल."