३.४ माध्यमविश्वास : संकल्पनेपासून चलापर्यंत

पूर्वचाचणीत ‘तुमचा वर्तमानपत्रावर विश्वास आहे का?’ असे थेट विचारले, तेव्हा खानापूर तालुक्यातील एका आजोबांनी उलट विचारले, “कुठल्या बातमीपुरता? पावसाच्या की सीमाप्रश्नाच्या?” तो प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाकला.

विश्वास प्रत्यक्ष दिसत नाही. त्याच्या खुणा मोजाव्या लागतात. म्हणून त्याची कार्यात्मक व्याख्या अशी केली : ‘बातमी स्वतः न पडताळता खरी मानण्याची वाचकाची तयारी’. अचूकता, परिपूर्णता आणि निःपक्षपातीपणा या प्रत्येक परिमाणासाठी चार विधाने आहेत. त्यांपैकी दोन सीमाप्रश्नाच्या, दोन रोजच्या स्थानिक बातम्यांविषयी. प्रतिसाद लिकर्टच्या पाच बिंदूंच्या श्रेणीवर घेतले (१ = पूर्ण असहमत, ५ = पूर्ण सहमत) आणि नकारार्थी विधानांचे गुण उलटवले. एकूण गुण त्यामुळे १२ ते ६० या दरम्यान येतात. हीच विधाने मराठी आणि कन्नड दैनिकांसाठी वेगवेगळी विचारली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून चाललेल्या वादात दोन्हींची सरासरी एकत्र काढली, तर नेमका फरकच बुजतो.

अंतर्गत सुसंगतीसाठी क्रॉनबॅकचा अल्फा वापरला. किमान मर्यादा ०.७० धरली.

वाचन म्हणजे विश्वास नव्हे. निपाणीच्या चहाच्या टपरीवर रोज पेपर चाळणारा माणूस “सगळं खोटं छापतात” असेही म्हणतो. त्यामुळे वाचनाची वारंवारता हे स्वतंत्र चल ठेवले आहे.