दिवाळीच्या सुट्टीआधी परिपाठात मोठ्या बाईंचं भाषण

(गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५, सकाळचा परिपाठ, नाशिक)

बसा. खाली बसा सगळे. मैदान थोडं ओलं आहे, ज्यांना बसायचं नाही त्यांनी उभे राहा, पण मग बोलायचं नाही. सातवी ब, तुमच्या ओळीत शेवटी काय चाललंय ते मला इथून दिसतंय. पिशवीतले लाडू मधल्या सुट्टीत.

आदरणीय शिक्षकवृंद, आपले शिपाईमामा, स्वयंपाकघरातल्या मावशी आणि माझ्या मुलामुलींनो,

काल शेवटचा पेपर झाला. भूगोलाचा नकाशा कठीण होता असं मला जिन्यात चौघांनी सांगितलं. पाचव्याने सांगितलं की सोपा होता, त्याचं नाव मी विचारलं नाही, त्याला तुमच्यातच राहायचं आहे. पेपर तपासून होतील, निकाल सुट्टीनंतर. आज त्यावर बोलायचं नाही.

उद्या वसुबारस. आपल्यातली निम्मी मुलं मखमलाबाद, मातोरी, दरी, म्हसरूळ या बाजूने येतात, त्यांना हे सांगायला नको. त्यांच्या दारात गाय-वासरू असतंच. शहरातल्या मुलांनी उद्या सोसायटीच्या गेटवर गाय येईल म्हणून वाट बघू नये. एखाद्या मित्राच्या मळ्यात जा, त्याच्या आईने बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी केली असेल ती खा. परवा धनत्रयोदशी, सोमवारी पहिली आंघोळ, मंगळवारी लक्ष्मीपूजन, मग पाडवा, गुरुवारी भाऊबीज. ज्यांच्या घरी दिवाळी होत नाही, त्यांनाही सुट्टी तेवढीच आहे आणि शेजारून फराळाचं ताटही येणार आहे. नाशिकचा चिवडा आहे, तळलेला कांदा घातलेला, तो नको कोण म्हणतो?

आता मुद्द्याचं बोलते.

यंदा पाऊस लांबला. तुम्ही सगळ्यांनी बघितलं. गोदावरीला पूर आला की आपण काय विचारतो? दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, हेच ना? शहराला पूर म्हणजे तेवढाच. रामकुंडावर फोटो काढायचे आणि घरी यायचं. पण ज्यांच्या बागा आहेत, त्यांच्या घरी पाऊस त्या फोटोनंतरही संपलेला नव्हता. द्राक्षाची छाटणी आत्ता चालू आहे. पाऊस एवढा पडला की छाटणीनंतर वेलीला घड फुटतील की नुसताच पाला, हे त्या घरात रोज सकाळी बघितलं जातंय. कांदा चाळीत ठेवला त्याचं काय झालं, तेही त्यांनाच माहीत. सहावीतल्या एकाने परवा माझ्याकडे येऊन विचारलं, “बाई, दिवाळीनंतर सहलीचे पैसे उशिरा दिले तर चालतील का?” चालतील. हे मी सगळ्यांसमोर सांगते आहे, कारण तो एकटा नाही. नाव सांगत नाही. तुम्हीही शोधायला जाऊ नका.

मी निफाड तालुक्यातली. मी सहावीत असताना आमचा कांदा असाच गेला होता. चाळीच्या बाजूने गेलं की वास यायचा, अजून आठवतो. त्या दिवाळीत घरात नवं कापड आलं नाही. मावशीचा जुना परकर कापून आईने मला झगा शिवला, आणि तो चांगला होता हो, पण त्याला एका बाजूला जुन्या शिवणीचा माग दिसायचा. शाळा सुरू झाली. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: निबंध, मी दिवाळी कशी साजरी केली. मी लिहिलं की मला गुलाबी झालरीचा फ्रॉक आणला, नाशिकहून, मेन रोडवरच्या मोठ्या दुकानातून. मेन रोड मी तोवर पाहिलेलाही नव्हता. निबंध इतका छान उतरला की गुरुजींनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या शेजारी बसणारी मुलगी आमच्या गल्लीतलीच. तिला सगळं माहीत होतं. तिने एकदा माझ्या झग्याच्या शिवणीकडे बघितलं, आणि मग खाली वहीकडे. एक शब्द बोलली नाही. मधल्या सुट्टीतही नाही.

ती अजून माझी मैत्रीण आहे. आता मात्र दर दिवाळीला फोन करून विचारते, “काय गं, झालरीचा यंदा कुठून आणला?”

तर मराठीच्या सगळ्या शिक्षकांशी माझं बोलणं झालं आहे. यंदा सुट्टीनंतर ‘मी दिवाळी कशी साजरी केली’ हा निबंध पाचवी ते दहावी कोणत्याही वर्गात लिहायला दिला जाणार नाही.

टाळ्या आत्ता नकोत. अजून पुढे आहे.

आणि तुम्ही एकमेकांना विचारायचंही नाही. काय घेतलं, कितीचं घेतलं, किती माळा लावल्या. तीन नोव्हेंबरला सोमवारी शाळा भरेल तेव्हा गेटवर पहिला प्रश्न हा नको. बोलायला दुसरं काहीतरी लागेल, म्हणून काम देते. किल्ला करा.

तुम्ही म्हणाल किल्ला तर आम्ही दरवर्षीच करतो. करता, पण कसा? बाजारात तयार किल्ला मिळतो, प्लास्टरचा, रंगवलेला. तो घरी आणून अंगणात ठेवायचा, वरती महाराज, खाली चार मावळे, एक वाघ आणि का कुणास ठाऊक, एक जिराफ. तसा नको. दगड, माती, विटांचे तुकडे, वर जुनं गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप. आजच मोहरी पेरलीत तर भाऊबीजेपर्यंत हिरवं दिसेल. याला पैसे लागत नाहीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पार्किंगचा कोपरा मागून घ्यावा आणि वॉचमनकाकांना आधी विचारावं, नंतर नाही. गल्लीत मिळून एक केलात तर उत्तम.

दुसरं, दरवर्षी रायगडच का? आपल्या जिल्ह्यात किल्ले काय कमी आहेत? बागलाणातला साल्हेर. महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, १५६७ मीटर. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याला मराठे मोगलांशी उघड्या मैदानात लढले आणि जिंकले. याच जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत आपला साल्हेर आहे. किंवा त्र्यंबकजवळचा हरिहर, त्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या इतक्या उभ्या की चिखलात करून दाखवणाऱ्याला मी स्वतः लाडू देईन.

पण माझं मन विचाराल तर रामशेज. पेठ रस्त्याला लागलं की दिसतो. आपल्यातले कितीतरी जण त्याच्या बाजूने एसटीने जातात आणि खिडकीतून बघतसुद्धा नाहीत, कारण दिसायला तो अगदी साधा. साल्हेरसारखी उंची नाही, हरिहरसारख्या पायऱ्या नाहीत, एक बुटका डोंगर. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. त्यांना वाटलं असेल, दोन-चार दिवसांचं काम. पाच वर्षांहून जास्त काळ तो किल्ला मिळाला नाही. वर तोफा नव्हत्या तेव्हा किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून चामड्याने मढवल्या असं सांगतात. ते खरं की सांगोवांगी, ते इतिहासाच्या सरांना विचारा. पण एक गोष्ट तुम्ही स्वतः वर चढून बघू शकता. कातळात खोदलेली पाण्याची टाकी. पाच वर्षं वेढ्यात माणसं प्यायली काय? हेच पाणी.

म्हणून माझी अट एकच. तुमच्या किल्ल्यावर पाण्याचं टाकं दिसलं पाहिजे. तटबंदी वाकडी झाली तरी चालेल, बुरूज पडला तरी चालेल. महाराज सिंहासनावर बसलेत आणि गडावर प्यायला पाणी नाही, असा किल्ला मला नको. करवंटी पुरा, बाटलीचं झाकण पुरा, पण पाणी दाखवा. पावसाचं पाणी त्यात कुठून उतरेल याचाही विचार करा, म्हणजे उतार कळेल. भूगोलाच्या नकाशावर जे रडत होते त्यांच्यासाठी विशेष.

आणि परत येताना वहीत फक्त दहा ओळी. विषय: किल्ला करताना काय चुकलं. चुकलं नाही असं लिहिणाऱ्याला पुन्हा लिहावं लागेल.

आता फटाक्यांचं, भराभर सांगते. रात्री दहानंतर नाही. दवाखान्याजवळ नाही. हातात धरून नाही, बाटलीत उभा करून नाही. फुसका बार जवळ जाऊन, वाकून बघायचा नाही, त्यावर पाणी ओतायचं. शेजारी पाण्याची बादली हवीच. सुती कपडे घाला. भाजलं तर थंड पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं धरा, टूथपेस्ट लावू नका, आणि घरच्यांपासून लपवू नका. कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधल्याचं मला कळलं, तर सुट्टीतही मी त्याच्या घरी येईन. मला पत्ते माहीत आहेत.

नदीवर, विहिरीवर, शेततळ्यावर मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही. शेततळ्याचा कागद निसरडा असतो. आत गेलेल्याला पोहता येत असलं तरी बाहेर येता येत नाही. हे हसण्यावारी नेऊ नका, दहावी.

पणत्या घ्यायला कुंभाराकडे जाल तेव्हा पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. यंदा पावसात माती वाळायलाच किती दिवस लागले ते त्यांना विचारा.

पाडव्याला घरात ओवाळताना आजी म्हणते, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. यंदा ते जरा मोठ्याने म्हणा. आपल्या सहावीच्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

शाळेच्या बागेतल्या कुंड्यांना पाणी मामा घालणार आहेत, पण एक दिवसाआड आठवीतल्या चौघांनी यायचं ठरलं आहे, ते विसरू नका. ग्रंथालयाची पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत ती सुट्टीत वाचायला ठेवा, आज परत करायची गरज नाही. दिवाळी अंक वाचनालयात आले आहेत, शिक्षकांआधी तुम्ही नेलेत तरी चालेल.

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. घरी आई-बाबांना, आजी-आजोबांना माझा नमस्कार सांगा.

आता वंदे मातरम्. त्यानंतर पाचवीपासून ओळीने वर्गात. जिन्यावरून पळायचं नाही, चार वाजता सुट्टी आहे, ती कुठे जात नाही. सातवी ब, उभे राहा. आणि ते लाडू संपले असतील तर हात पुसा.