आठवड्यातले चार तास जिमचे

मी ३३ वर्षांची, रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ आहे. दुखऱ्या माणसाला स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना त्याला कमीत कमी त्रास व्हावा, याची मला फार काळजी असते. जिमशी गाठ पडली तीही या कामामुळेच. सहा वर्षांपूर्वी कंबर धरली, तेव्हा फिजिओथेरपिस्टने नुसती विश्रांती न सांगता वजन नीट उचलायला शिका म्हटलं. पहिले कित्येक दिवस मी फक्त रिकामा बार उचलत होते. तोच २० किलोचा असतो.

आता सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी ६ ते ७. स्क्वॉट, डेडलिफ्ट, खांद्यांचे आणि पाठीचे व्यायाम. किती वजन, किती वेळा, हे एका वहीत लिहिते. डेडलिफ्ट ७० किलोवर पोचली त्या दिवशी खूप आनंद झाला होता. पण त्याहून मोठा आनंद आजीने दिला. ती ८१ वर्षांची आहे. खुर्चीतून उठताना दर वेळी कुणाचा तरी हात शोधायची. मी तिला रोज सकाळी खुर्चीतून पाच वेळा उठायला-बसायला लावलं, आधी उशी ठेवून, मग उशी काढून. शेवटी हा स्क्वॉटच की! आता ती हात न टेकता उठते आणि दार उघडायला माझ्याआधी पोचते.

रात्रपाळी झाली की त्या सकाळी मी जिमला जात नाही, झोपते. व्यायामाने थकलेले स्नायू सावरायला झोप लागते, आणि बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट घाम गाळून भरून काढावा, असं मला वाटत नाही. खाणं साधं, भरपूर आणि आवडीचं. समोरच्याच्या ताटावर मी बोलत नाही. सोबतच्या फोटोंत जिमचा फोटो नाही, कारण त्या तासात फोन लॉकरमध्ये असतो.

संध्याकाळी मी घरातले जुने फोटो स्कॅन करते. आजी एकेक चेहरा ओळखते, मी मागे पेन्सिलीने नावं लिहिते. एका फोटोवरून तासभर गोष्ट निघते आणि मूळ फोटो बाजूलाच राहतो. रहस्यकथाही आवडतात, पण शेवट आधी सांगितलेला अजिबात चालत नाही.

जोडीदार जिमला जाणाराच हवा असं मुळीच नाही. स्वतःच्या शरीराशी दयेने वागणारा हवा. दमलो तर 'दमलो' म्हणणारा. माझ्या पाळ्या बदलत असतात, त्यामुळे भेटी आधी ठरवाव्या लागतील, आणि ठरलेली वेळ मी पाळते. लग्नाचा विचार आहे, पण आधी निवांत ओळख व्हावी.

पहिल्यांदा भेटलो तर चालत चालत बोलायला आवडेल. तुमच्या घरातला एखादा जुना फोटो घेऊन या, ज्यातलं निदान एक माणूस तुम्हाला ओळखता येत नाही असा.