इयत्ता नववी, 'गतीचे नियम': मुलं कुठे अडतील आणि तेव्हा काय करायचं

(टाचणाला जोडायचं पान. सलग दोन तासिका.)

पहिला नियम मुलांना पाठ असतो. 'बल संपलं की वस्तू थांबते' हेही त्यांना तितकंच खरं वाटतं, आणि दोन्ही गोष्टी डोक्यात सुखाने नांदतात. म्हणून नियम फळ्यावर शेवटी. आधी चेंडू.

चेंडू सरळ वर फेकून झेलायचा. वहीत तीन चित्रं काढायला सांगायची: वर जाताना, सर्वांत उंच बिंदूवर, खाली येताना. हवेचा विरोध सोडून प्रत्येक चित्रात बलाचे बाण. वर जाताना बऱ्याच वह्यांत वरच्या दिशेचा बाण येणार, 'हाताचं बल'. उंच बिंदूवर 'बल शून्य'. लगेच चूक म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, हे बल कोण लावतंय? हात तर खालीच राहिला. ज्या बाणाला मालक सापडत नाही, तो मुलांनीच खोडायचा.

'सर, तुम्ही चेंडूत बल भरलंत ना!' असं कुणीतरी म्हणेलच. उत्तर: हाताने वेग दिला. वेग चेंडूकडे राहिला, हाताचं बल मात्र चेंडू सुटताक्षणी संपलं. उंच बिंदूवर वेग शून्य, पण त्वरण ९.८ मी/से² खालच्याच दिशेने. पटलं नाही तर विचारायचं, तिथे बल नसतं तर चेंडू खाली आला असता का? यात पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्यायची.

मग कॅरम. स्ट्रायकरला सारखीच टिचकी, आधी पावडरशिवाय, मग पावडर टाकून. लांब का गेला? बल कुणीच वाढवलं नाही, घर्षण घटलं. घर्षण शून्य झालं तर? १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर १ पुढे ढकलणारं इंजिन नसताना अजून जातंय. (हुशार मूल सूर्याचं गुरुत्व काढेल. बरोबर आहे, त्याने वेग किंचित घटतो. शाबासकी द्यायची.)

जड वस्तू आधी पडते: कागद आणि नाणं, मग तोच कागद चुरगाळून. एवढं पुरे.

तिसऱ्या नियमात खरी मेख. 'दोन्ही बलं समान, मग एकमेकांना मारतात.' दरवेळी एकच प्रश्न: बल कुणावर? बैल गाडीला ओढतो ते गाडीवर, गाडी बैलाला ओढते ते बैलावर. बैल पुढे जातो कारण तो जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे. 'दांडगा जास्त ओढतो' म्हणणाऱ्यांसाठी दोन ताणकाटे एकमेकांत अडकवायचे, एकीकडे वर्गातला दांडगा, दुसरीकडे लहानखुरा. आकडे सगळ्यांसमोर वाचायचे, सारखेच येतात. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा आधार ही जोडी मात्र इथे वापरायची नाही. दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत. वजनाची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणं.

जाता जाता चिठ्ठीवर: एसटी सरळ रस्त्यावर ताशी ६० किमी या स्थिर वेगाने चाललीय, तिच्यावरचं एकूण बल किती? 'पुढच्या दिशेने' अशी उत्तरं एक तृतीयांशाहून जास्त आली, तर पुढचा तास संवेगाने नाही, याच एसटीने सुरू करायचा.