‘श्यामची आई’ नक्की कोणासाठी लिहिलंय?

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि तेव्हापासून आपण ते मुलांच्या हातात देतोय, पण पुस्तक उघडलं की पहिल्यांदा भेटतात ती मुलं नाहीतच, आश्रमातली मोठी मंडळी भेटतात. संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम गोष्ट सांगायला बसतो, अशा ४२ रात्री. गोष्ट कशी ऐकायची, कुठे गहिवरायचं, हे आपल्याआधी त्या श्रोत्यांनी ठरवून टाकलेलं असतं. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर ज्याला अभिप्रेत वाचक म्हणतो, म्हणजे मजकुरातच बसवलेला वाचक, तो इथे गोष्टीच्या चौकटीत चक्क मांडी घालून बसलाय.

मला वाटतं हा वाचक दहा वर्षांचा मुलगा नाहीच, आई गमावून बसलेला मोठा मुलगा आहे. पोहण्याचा प्रसंग बघा. श्याम पाण्याला घाबरून माळ्यावर लपतो आणि आई त्याला शिंपटीने मारत विहिरीकडे पाठवते. त्या वयाच्या मुलाच्या बाजूने बघितलं तर हा सरळ मार आहे, भीतीवर मार, पण सांगणारा श्याम आता मोठा झालाय, त्याला त्या माराचं कारण कळलंय आणि कृतज्ञताही त्याच्याकडे तयार आहे, त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला रागवायची सोयच उरत नाही. त्याला त्याच्या वयाआधीच माफ करायला लावलंय! मुलाशी बोलतोय असं दाखवत त्याच्या डोक्यावरून पालकांकडे बघणारा निवेदक बालसाहित्याची अभ्यासक बार्बरा वॉल हिच्या दुहेरी संबोधनाच्या कल्पनेत चपखल बसतो, तिने उदाहरणं इंग्रजी पुस्तकांची घेतली असली तरी.

अळणी भाजीतही तेच. आई भाजीत मीठ घालायला विसरते, बाकीचे न बोलता जेवतात आणि आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. संयम शिकवायचाय हे उघड आहे, पण ती शेवटी का जेवते हे पुस्तक कुठे विचारतच नाही, कारण त्या काळच्या मोठ्यांना तो प्रश्नच पडत नव्हता. मला हे शिकवलेल्या मूल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

‘देवाला सारी प्रिय’ मात्र अवघड आहे. म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून दे, असं आई श्यामला सांगते, त्या काळात हे धाडसच, पण घरी आल्यावर आंघोळ कर हेही तीच सांगते. श्याम हे सगळं आईचं मोठेपण म्हणून सांगतो. दया करायला शिकणारा मुलगा ब्राह्मण घरातला असणार हे गृहीतच धरलंय. हेच पान त्या म्हातारीच्या नातवाने वाचलं तर त्याने आश्रमातल्या त्या मंडळीत कुठे बसायचं?