प्रस्ताव: सगळ्या स्क्रीनसाठी 8 चं ग्रिड आणि अक्षरांची ठरलेली मापं

मंडळी,

पासबुकच्या कार्डाला आत 14 चं पॅडिंग आहे, कर्जाच्या हप्त्याच्या कार्डाला 15 आणि पिग्मी भरण्याच्या कार्डाला 18. तिन्ही कार्डं एकाच सभासदाला एकाच ॲपमध्ये दिसतात. प्रत्येक आकडा त्या त्या वेळी डोळ्यांना बरोबर वाटला म्हणूनच ठेवला गेला, पण डेव्हलपरला तिन्हीसाठी वेगळा कोड लिहावा लागतो आणि रिव्ह्यूत आपला निम्मा वेळ अंतरांवर जातो. म्हणून यापुढे सगळ्या स्क्रीन एकाच मापावर बांधाव्यात, असं मी सुचवतोय.

अंतरं एवढीच असतील:

```
space-4   space-8   space-16
space-24  space-32  space-48
```

4 फक्त घटकाच्या आत वापरायचं, उदाहरणार्थ आयकॉन आणि त्याच्या लेबलमध्ये. दोन घटकांमध्ये कमीत कमी 8, स्क्रीनच्या कडेला 16 आणि दोन विभागांमध्ये 32. 12 मुद्दाम वगळलंय. ते ठेवलं की 8 घ्यावं की 16, हा निर्णय कुणीच घेत नाही.

8 च का? आपल्या पिग्मी एजंटांपैकी बऱ्याच जणांकडे जुने अँड्रॉइड फोन आहेत, आणि त्यांतले काही hdpi, म्हणजे दीडपट घनतेचे. तिथे 8 चे 12 पिक्सेल होतात, 5 चे मात्र साडेसात. अर्धा पिक्सेल पडद्यावर दाखवता येत नाही. मग कड धूसर होते किंवा एका बाजूला एक पिक्सेल जास्त जातो. 8 ला दुप्पट करा, तिप्पट करा, दीडपट करा, आकडा पूर्णच येतो. शिवाय 360 रुंदीच्या स्क्रीनमध्ये 8 बरोबर 45 वेळा बसतो. कडेला आणि कॉलमांमध्ये 16 सोडून चार कॉलम पाडले तर प्रत्येक कॉलम 70 चा येईल, त्याची काळजी नको. नियम अंतरांना आहे, कॉलमच्या रुंदीला नाही.

आता अक्षरांकडे, कारण खरी अडचण तिथे आहे. पहिला आकडा अक्षराचा, दुसरा ओळीच्या उंचीचा:

```
12/20  14/24  16/24
20/32  24/40  32/48
```

इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार स्केलमध्ये ओळीची उंची कमी असते, आणि ती आपण आजवर तशीच उचलत आलो. मुदतठेवीच्या स्क्रीनवरचा ‘वर्षांपूर्वी’ हा शब्द मोठा करून पाहा. ‘र्षां’वर रफार आणि अनुस्वार, ‘र्वी’वर रफार आणि वेलांटी, आणि मधल्या ‘पू’चा ऊकार खाली उतरलेला. वरच्या ओळीत एखादा ‘मु’ किंवा ‘कृ’ आला की त्याचं शेपूट थेट या रफारावर टेकतं. साठी उलटलेल्या सभासदाला तारीख नीट वाचता येत नसेल तर बाकीच्या देखणेपणाचा उपयोग नाही. त्यामुळे मुख्य मजकूर 16/24 च्या खाली आणायचा नाही. 14 फक्त दुय्यम माहितीला, 12 फक्त पावती क्रमांकासारख्या गोष्टींना. ओळींमध्ये फक्त 20 हीच उंची 8 च्या पटीत नाही, ती 4 च्या पटीत चालेल.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.

एक उदाहरण: खात्यांच्या यादीतली ओळ. वर 8, खात्याचं नाव 24, खाते क्रमांक 24, खाली 8, एकूण 64. बटणाची उंची 48, अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात स्पर्शासाठी तेवढीच किमान जागा सांगितली आहे. या सगळ्या उंच्या ‘किमान’ म्हणून लावायच्या. सभासदाने फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं तर ओळ वाढली पाहिजे, मजकूर कापला जाता कामा नये.

हँडऑफच्या वेळी एक लक्षात ठेवा. अँड्रॉइडचा TextView वरखाली स्वतःची थोडी जागा सोडतो, म्हणून फिग्मातलं अंतर फोनवर जास्त दिसेल. includeFontPadding सरसकट बंद करायला सांगू नका, देवनागरीत मात्रा कापल्या जाण्याचा धोका असतो. डेव्हलपरसोबत बसून खऱ्या फोनवर पाहा.

आयकॉन डोळ्यांना मधोमध दिसावा म्हणून एखादा पिक्सेल सरकवावा लागला तर सरकवा. एक पिक्सेलच्या रेघाही या नियमात येत नाहीत. बाकी कुठे माप मोडावंसं वाटलं तर फाइलमध्ये कारण लिहा. तेच कारण दोन-तीन ठिकाणी दिसलं तर स्केल बदलू.

सुरुवात पासबुक आणि पिग्मी भरण्यापासून करू, त्या दोन स्क्रीन रोज सगळ्यात जास्त उघडल्या जातात. जुन्या स्क्रीन हातात येतील तशा बदलायच्या, त्यासाठी वेगळा स्प्रिंट मागणार नाही. प्रत्येकाने फिग्माच्या Preferences मध्ये Nudge amount उघडून Big nudge 10 वरून 8 करून घ्या.

हरकती असतील तर बुधवारच्या रिव्ह्यूपर्यंत फाइलमध्ये कॉमेंट टाका, सोबत स्क्रीनचा फोटो हवाच. विशेषतः कर्ज अर्जाचा लांब फॉर्म ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो या मापावर एकदा मांडून पाहावा. दाटी तिथेच सगळ्यात जास्त आहे, आणि स्केल तिथे टिकलं तर गुरुवारी व्हेरिएबल्स लायब्ररीत टाकतो.

— टीम लीड, डिझाइन